चौथ्या परिच्छेदाला हरकत

तिघा भावंडांत तो मधला, म्हणून घरात त्याला मधलाच म्हणत. त्याच्या वर ताई आणि खाली सोन्या. ताई पहिली म्हणून तिचं कौतुक झालं, सोन्या शेवटचा म्हणून त्याचे लाड झाले, आणि मधल्याच्या वाट्याला जे उरलं ते त्याला चाललं. ‘चालेल’ हा त्याचा शब्द. बाकीचे शब्द त्याला येत होते, पण लागत नव्हते.

शाळेत जायला त्याला ताईची जुनी सायकल मिळाली, मधला दांडा नसलेली, पुढे फुलाफुलांची टोपली असलेली. पोरं हसायची. तो म्हणायचा, चढायला बरी पडते. पुढे शिकायचं होतं तेव्हा घरात एकाचीच फी भरता येणार होती आणि सोन्याला गणित येत होतं. मधल्यालाही येत होतं, पण ते कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तो चष्म्याच्या दुकानात लागला. लग्नासाठी स्थळं आली, प्रत्येक स्थळाला तो चालेल म्हणाला. मुलीकडच्यांनाही डोकं असतं. ज्याला सगळ्याच चालतात त्याला आपलीच मुलगी कशाला द्यायची, असा त्यांनी विचार केला आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मधला तसाच राहिला.

सोन्याचं मात्र जमलं. घर होतं आईच्या नावावर. वडिलांनी हयातीतच तो फ्लॅट तिच्या नावाने घेतला होता आणि हप्ते संपवून मग ते गेले, म्हणजे माणूस व्यवस्थित. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, जिच्यात कपडे वाळत घातले की माणूस मावायचा नाही. नवीन सून येणार म्हटल्यावर आईने मधल्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, दुकानाच्या मागे ती खोली आहे ना रे, तशीही तुझा सगळा दिवस तिकडेच जातो. मधल्याने त्याच संध्याकाळी गादी गुंडाळली. आई जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, जेवायला येत जा. तो गेला नाही असं नाही, पण बोलावल्याशिवाय गेला नाही आणि बोलवायचं हळूहळू सगळ्यांच्या डोक्यातून गेलं.

दुकानातलं त्याचं काम म्हणजे काच घासून फ्रेमच्या आकाराची करायची, बसवायची, आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडावर चष्मा नीट बसेपर्यंत काड्या गरम करून वाकवायच्या. कानामागे टोचतंय का, नाकावरून घसरतोय का, खाली बघा, मान हलवा. मालक काउंटरवर बसून महागातल्या फ्रेमा दाखवायचा आणि मधला मागच्या टेबलावर चाकाच्या घरघरीत बसायचा. त्याच्या हाताला कायम काचेची पांढरी भुकटी. दुपारी दुकान बंद असायचं. मालक घरी जाऊन झोपायचा, मधला मागच्या खोलीत छताकडे बघत पडायचा.

मग आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती उठून चालायची ती राहिलीच. आधी खुर्ची, मग पलंग. सोन्याने आईसाठी केलं नाही असं कुणी म्हणेल तर त्याच्या जिभेला हाड नाही. दिवसभर नोकरी करून तो रात्री आईच्या खोलीत जमिनीवर झोपायचा, तीनतीनदा उठून तिची कूस बदलायचा. फक्त त्याचा एक हट्ट होता. आईला परक्याच्या हाती द्यायचं नाही. बाई ठेवू या, असं त्याच्या बायकोने एकदा सुचवलं, तर त्याने असा चेहरा केला की तिने तो विषय पुन्हा काढला नाही. परक्याच्या हाती द्यायचं नाही म्हणजे दिवसभर तिच्या हाती द्यायचं, हे गणित मात्र गणित येणाऱ्या सोन्याने कधी मांडलं नाही.

एका दुपारी सोन्याच्या बायकोचा दुकानात फोन आला. भाऊजी, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास येऊन बसाल का आईंजवळ? मला जरा बाहेर जायचं असतं. आणि हे यांना कळायला नको. मधल्याने कुठे, कशासाठी, असलं काही विचारलं नाही. चालेल म्हणाला.

तो यायचा, ती दार उघडून पिशवी उचलून बाहेर पडायची. दोन तासांनी परत यायची तेव्हा केस ओले असायचे. मधला काही आंधळा नव्हता, आणि त्याचा धंदाच डोळ्यांचा. पण त्याने विचारलं नाही. पुढे तिनेच एकदा सांगून टाकलं की ती पोहायला शिकतेय. मैदानामागच्या तलावावर बायकांची वेळ दुपारची असते. लहानपणापासून यायचं होतं, कधी जमलं नाही, आता नाही शिकले तर वेड लागेल, असं काहीतरी ती बोलली आणि मग घाईघाईने चहा टाकायला गेली. मधल्याला तो बेत फार आवडला. तो म्हणाला, पाण्यात चष्मा घालू नकोस, फ्रेम खराब होते. आशीर्वाद द्यायची त्याची ही पद्धत होती.

त्या दोन तासांत तो आईची कूस बदलायचा, पाठीला पावडर लावायचा, भांडं द्यायचा, धुवायचा. पहिल्यांदा त्याला लाज वाटली आणि आईला त्याहून जास्त. मग दोघांचीही गेली. केस विंचरताना तो कंगवा फार हळू चालवायचा, तर आई म्हणायची, ओढ जरा, काय गिऱ्हाईक आहे का मी. तिचा चष्मा सारखा घसरायचा. माणूस आजारपणात चेहऱ्यानेही आटतो, ते घरच्यांना रोज बघून दिसत नाही. मधल्याला दिसायचं, कारण फ्रेम त्याला दर थोड्या दिवसांनी आणखी आत वाकवावी लागायची. काड्या दुकानात नेऊन गरम करून आणायचा, पुढच्या खेपेला पुन्हा सैल. शेवटी फ्रेम आणखी वाकेना, तेव्हा त्याने लहान मुलांच्या फ्रेममध्ये तिचे नंबर बसवून आणले. त्या दिवशी खोलीवर परत जाऊन तो रडला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तिथे कसा होतास हेही सांगावं लागलं असतं.

आई गेली. ती रात्री गेली, म्हणजे सोन्याच्या पाळीत. सगळं यथासांग पार पडलं, ताई दोन दिवस राहून तिच्या गावी परत गेली, मधला दुकानात बसला. आणि काही महिन्यांनी कागदपत्रांची गोष्ट निघाली.

ती निघायचीच. आईच्या नावावरचा फ्लॅट, मृत्युपत्र नाही, वडील आधीच गेलेले, म्हणजे वारस तीन आणि तिघांचा हक्क सारखा. सोन्याला घर एकट्याच्या नावावर करून घ्यायचं होतं. छत गळत होतं, दुरुस्तीला बँकेचं कर्ज हवं होतं, आणि बँकेला तीन मालकांचं घर तारण घ्यायचं म्हणजे तिघांना पकडून आणावं लागतं. सोन्याने दोघांना फोन केला. ताई म्हणाली, मला काय करायचंय ते घर, माझ्या घराला चार खोल्या आहेत आणि झाडू मीच मारते. मधला काय म्हणाला हे सांगायला नको.

इमारतीच्या सोसायटीचा एक सेक्रेटरी होता. त्याच्याकडे अशा प्रसंगासाठी एक तयार मसुदा असायचा. मेलेल्याचं नाव, फ्लॅटचा नंबर, वारसांची नावं तेवढी बदलायची. त्याने सोन्याला नीट समजावलं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून आणा, सोबत मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, आणि उद्या कुणी चौथा वारस उपटला तर सोसायटीला तोशीस लागू देणार नाही असं तुमचं हमीपत्र. म्हणजे कमिटी सभासदत्व तुमच्या नावे करील. पण नुसत्या ना-हरकतीने मालकी एकट्याची होत नाही हं. त्यासाठी बहीणभावांनी हक्कसोडपत्र करून ते निबंधकाकडे नोंदवायला हवं. मंडळी इथेच फसतात, सोसायटीचा कागद झाला की घर झालं समजतात. सोन्या फसणाऱ्यातला नव्हता. त्याने ताईला बोलावून घेतलं आणि बेत आखला. आज नोटरी, उद्या निबंधकाचं कार्यालय, परवा ताईची गाडी. एक दिवस चुकला तर ताई पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता.

सेक्रेटरीच्या त्या मसुद्याची मात्र एक गंमत होती. तो मुळात दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबासाठी वकिलाकडून करून घेतलेला. त्या घरात भावाभावांत जुंपली होती, आणि ज्याने म्हातारा सांभाळला त्याने वैतागून वकिलाला एक ओळ मुद्दाम घालायला लावली होती. ती ओळ कुणी काढली नाही. पुढे इमारतीत माणसं गेली, कागद झाले, आणि दर वेळी ती ओळ जशीच्या तशी उतरली. इमारतीतल्या किती प्रेमळ लेकींनी आणि लेकांनी त्या ओळीखाली सह्या ठोकल्या असतील, कोण जाणे. वाचतो कोण?

पण यांना गाठ पडली ती वाचायला लावणाऱ्या नोटरीशी. वकीलबाई होत्या, डोळ्यांवर जाड भिंगं, काउंटरवर शिक्का आणि स्टँप पॅड. पूर्वी त्याही बाकीच्यांसारख्या, सह्या करा आणि पुढे व्हा. मग एकदा एका म्हातारीने कोर्टात सांगितलं की मी कशावर सही केली मला ठाऊकच नाही, आणि बाईंना चौकशीला उभं राहावं लागलं. तेव्हापासून त्यांनी पद्धत घातली. सही करणाऱ्याने कागद मोठ्याने वाचायचा, त्यांच्यासमोर, एकेकाने एकेक परिच्छेद. घाई असलेली माणसं दुसऱ्या नोटरीकडे जायची. सोन्या गेला नाही, कारण ही जवळ होती.

खोली लहान. बाहेर टायपिंगवाल्याचं टेबल, झेरॉक्सचं मशीन, आत भिंतीला टेकून चार खुर्च्या. सोन्याची बायको ओळखपत्रांची पिशवी घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसली. तिला साक्षीदार म्हणून आणलं होतं, पण बाईंनी नको म्हटलं. नवऱ्याच्या फायद्याचा कागद, बायकोची साक्ष बरी दिसत नाही. टायपिंगवाला आणि झेरॉक्सवाला साक्षीला ठरले. ती तिथेच बसून राहिली.

ताईने पहिला परिच्छेद वाचला. मयत आई अमुक तारखेला मृत्यू पावली, मृत्युपत्र केलेलं नाही, आम्ही तिघं सोडून दुसरा वारस नाही. ताईचं वाचन म्हणजे गाडी सुटायची असल्यासारखं. दुसरा मधल्याने वाचला, फ्लॅटचं वर्णन, चारही बाजूंना काय आहे ते. तिसरा ताईने. सदर फ्लॅट अर्जदाराच्या एकट्याच्या नावे करण्यास आमची कोणतीही हरकत नाही, कोणताही मोबदला घेतलेला नाही, दबाव नाही, स्वखुशीने लिहून देत आहोत. चौथा मधल्याच्या वाट्याला आला.

त्याने चष्मा वर केला आणि सुरुवात केली. ‘अर्जदाराने मयत आईची अखेरपर्यंत एकट्याने देखभाल केली असून, आम्ही लिहून देणार यांनी तिच्या आजारपणात तिची कोणतीही सेवा केलेली नाही, हे आम्हांस मान्य आहे.’

वाचून झाल्यावर तो थांबला. बाईंना वाटलं दमला. मग त्यांना वाटलं पान उलटायचं विसरला. त्यांनी पुढे म्हणून हात केला.

“हे खरं नाही,” मधला म्हणाला.

कुणाला काही कळलंच नाही. मधला काय म्हणतोय याची या कुटुंबाला सवयच नव्हती. ताईने वाकून ओळ पाहिली आणि म्हणाली, माझ्यापुरती तर खरी आहे बाबा, मी नाहीच काही केलं, मला मान्य आहे. सोन्या म्हणाला, अरे भाषा असते ती, सगळे हेच करतात, सेक्रेटरीने दिलाय. मधला म्हणाला, ही ओळ काढा, मग सही करतो.

मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांना एकदम वाटलं की याला हिस्सा हवाय. भाड्याच्याही नव्हे, मालकाच्या मेहेरबानीच्या खोलीत राहणारा माणूस, केस पिकलेले, तिसरा भाग सोडून देतोय. आज ना उद्या त्याला जाग येणारच होती, नेमकी आज आली. ताईने त्याला झेरॉक्सच्या मशीनपाशी नेलं आणि हळू आवाजात विचारलं, तुला काय हवंय ते सांग, मी सोन्याशी बोलते, तो नाही म्हणणार नाही. मधला म्हणाला, घर त्यालाच राहू दे, ती ओळ तेवढी नको. ताई परत आली ती खांदे उडवत.

सोन्या तोवर तापला होता. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता, आणि दमलेल्या माणसाला आपलं केलेलं कुणी पुसायला निघालं की आग लागते. तो म्हणाला, एकट्याने केली हे खोटं आहे का? रात्री कोण उठत होतं? आई गेली तेव्हा कोणाचा हात तिच्या हातात होता? तू कुठे होतास? सोन्या पुन्हा म्हणाला, नाही ना खरं, मग सांग तू काय केलंस ते. मी ऐकतो. वकीलबाई ऐकतील. सांग.

सांगायचं म्हणजे मंगळवार सांगायचा आणि शुक्रवार सांगायचा. मंगळवार-शुक्रवार सांगितला की त्या वेळी घरची बाई कुठे होती, हा प्रश्न आलाच. मधल्याने शेवटच्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. नुसतं बघितलं असतं तरी सोन्याला कळलं असतं. तो कागदाच्या कडेकडे बघत राहिला. नखांत कायमची बसलेली ती पांढरी भुकटी त्याला दिसत होती. तो अंगठा दुसऱ्या अंगठ्याने घासायला लागला.

“तू मसुदा वाचला होतास?” त्याने सोन्याला विचारलं.

“वाचला होता.”

“ही ओळ?”

“वाचली होती. मला त्यात काही खटकलं नाही.”

हे सोन्याने रागाने म्हटलं नाही, उलट अगदी सरळ म्हटलं, आणि म्हणून ते जास्त लागलं. मधल्याला घर नको होतं. त्याला कधीच काही नको होतं असं सगळे धरून चालले होते आणि तोही धरून चालला होता. पण आपण आईचा मुलगा होतो, तिला उचललं, धुतलं, तिचे केस विंचरले, आणि आता शिक्का मारून लिहून द्यायचं की आपण नव्हतो. शिवाय हा कागद सोसायटीच्या कपाटात कायमचा राहणार. हे त्याला चालणार नव्हतं. एवढी एक गोष्ट त्याला चालणार नव्हती.

“मग माझी हरकत आहे,” तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण बाहेरचं टायपिंग थांबलं. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे सांगितलं की हरकत असेल तर हा कागद होणार नाही, अशा सहीवर मी शिक्का मारत नाही. उद्याचं निबंधकाचं कार्यालय, परवाची ताईची गाडी, गळकं छत, बँक, सगळं त्या टोपणाखाली गेलं. सोन्या मधल्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू घरातल्या खुर्चीने उठून जाब विचारला.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला.

“मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी पोहायला जायचे.”

सगळे वळले. सोन्याच्या बायकोने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. ती वकीलबाईंकडे बघून बोलत होती, नवऱ्याकडे नाही. तिने सांगितलं की आईंना त्या वेळी भाऊजी बघायचे. मी जायचे म्हणून ते यायचे. मीच सांगितलं होतं, यांना कळू देऊ नका. एकदाही चुकले नाहीत. आईंचं सगळं करायचे, सगळं म्हणजे सगळं, मी परत यायचे तेव्हा चादरसुद्धा बदललेली असायची. आधीच बोलायला हवं होतं, पण मला वाटलं ते सांगतील, आणि ते सांगणार नाहीत हे मला ठाऊकही होतं, असं ती म्हणाली.

सोन्याला यातलं नेमकं काय पकडावं ते कळेना. भाऊ, आई, बायको, इतकी वर्षं. शेवटी त्याने जे हाती लागलं ते पकडलं.

“तुला पोहता येतं?”

“आता येतं,” ती म्हणाली.

ताईला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घालवलं. वकीलबाईंना मात्र पुढचं गिऱ्हाईक दिसत होतं. त्यांनी टोपण काढलं आणि विचारलं, मग ओळ खोडायची ना? खोडायची तर पेनाने एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि समासात सगळ्यांच्या छोट्या सह्या, लिहून देणार दोघांच्या आणि अर्जदाराची, मग माझी. एकाची राहिली तर खाडाखोड धरली जाईल आणि कागद बाद. ताईने विचारलं, माझी अर्धी खरी आहे, ती ठेवायची का? बाई म्हणाल्या, परिच्छेद अर्धा ठेवायची माझी पद्धत नाही.

पेन सोन्याने घेतलं. पट्टी मागितली, बाईंनी दिली. त्याने पट्टी लावून रेघ मारली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, स्वतःचं ‘एकट्याने’ही त्यातच गेलं. मग समासात सही केली. त्याखाली ताईने, त्याखाली मधल्याने. बाईंनी पुन्हा विचारलं, आता काही हरकत? मधल्याने मान हलवली. पानोपानी सह्या झाल्या, साक्षीदारांना आत बोलावलं, फोटोंवरून चेहरे पडताळले गेले, रजिस्टरमध्ये नोंद झाली, शिक्के पडले. फ्लॅटवरचा हक्क सोडायला मधल्याची तयारी झाली ती अशी, आणि त्या सहीला त्याचा हात जराही अडखळला नाही.

ताई आणि सोन्याची बायको झेरॉक्स काढायला थांबल्या. दोघींचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं, बहुधा तलावाची फी किती वगैरे. दोघे भाऊ बाहेर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. सोन्याने कठड्यावर हात टेकले. खाली रस्त्यावर एक जण रिकामे डबे भरलेली हातगाडी ढकलत होता.

सोन्या म्हणाला, बायको पोहायला जाते हे मला माहीत नव्हतं. मधला म्हणाला, चांगली पोहते म्हणतात. सोन्या म्हणाला, तू मला सांगू शकत होतास, मी काही खाल्लं नसतं तुला. पण त्याच्या मनात जे होतं ते विचारायला त्याला जड जात होतं. शेवटच्या वर्षात आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. तो रात्री घरी यायचा तेव्हा ती गुंगीत असायची, आणि जागी असली तरी त्याच्याकडे बघून म्हणायची, कोण तुम्ही? सोन्या रोज सांगायचा, मी सोन्या, आणि ती मान वळवायची. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ते त्याने आता सांगितलं, कठड्याकडे बघत.

“दुपारी ती जागी असायची ना? तुला ओळखायची?”

खोटं बोलणं मधल्याला जमायचं नाही आणि खरं बोलायची सवय नव्हती.

“मला नाही ओळखायची,” तो म्हणाला. “मी आत आलो की तिचा चेहरा खुलायचा. हात पुढे करायची आणि म्हणायची, सोन्या, आलास?”

सोन्याने त्याच्याकडे पाहिलं.

“रोज?”

“गेलो की दर वेळी. सगळं वर्षभर.”

“मग तू काय करायचास?”

“ओ द्यायचो,” मधला म्हणाला.